चकती सरकलीय, पण दुखतंय ते दुसरंच

"मॅडम, जांभई दिली, मोठा घास घेतला की उजव्या कानापाशी 'टक्' वाजतं आणि जबडा ठणकतो. एमआरआयमध्ये जबड्याच्या सांध्यातली चकती सरकलीय असं आलंय. एक दिवस तोंड असंच अडकून बसेल का? ऑपरेशन करावं लागेल का?"

दंत रुग्णालयातल्या जबड्याच्या दुखण्याच्या ओपीडीत मी समुपदेशक म्हणून बसते. माणसं बदलतात, हा प्रश्न बदलत नाही. या वेळी तो घेऊन आल्या होत्या ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई. वय पस्तिशीचं, लग्नसराई तोंडावर. आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या, मग दाढ किडली असेल म्हणून एक्स-रे झाला, मग कुणीतरी एमआरआय सांगितला. त्या अहवालातलं एकच वाक्य त्यांना पाठ झालं होतं.

तपासणी आमच्या डॉक्टरांनी केली. मी शेजारी बसून पाहते, कारण पुढचं माझं अर्धं बोलणं त्यातूनच निघतं. त्यांनी दोन्ही कानांच्या पुढे एकेक बोट ठेवलं आणि ताईंना सावकाश तोंड उघडायला सांगितलं. जबडा आधी थोडा उजवीकडे गेला, मग 'टक्' झालं आणि तो पुन्हा मध्यावर आला. मिटताना दातांजवळ येता येता आणखी एक बारीक 'टक्'. मग खालचा जबडा पुढे काढून तिथूनच उघडमीट करायला लावली, तर आवाज गायब! पट्टीनं मोजलं: न दुखता 31 मिलिमीटर उघडत होतं, दुखलं तरी चालेल म्हटल्यावर 44. साधारण 40 च्या वर उघडणारा जबडा अडकलेला नसतो. चकती अडकून बसली की आवाज थांबतो, तोंड 25-30 च्या आसपास थांबतं आणि जबडा दुखऱ्या बाजूला वाकडाच राहतो. इथे तसं काही नव्हतं.

नंतर डॉक्टरांनी सांध्यावर हलका दाब दिला. "थोडं कळतंय." मग गालावरच्या चावण्याच्या स्नायूवर, जबड्याच्या कोनाच्या जरा वर, काही सेकंद जोरानं दाबून धरलं.

"आई गं! हेच, हेच दुखणं. कानात आणि दाढेत जातं ना, ते हेच."

पूर्ण तपासणीत मला हे एक वाक्य सगळ्यात मोलाचं वाटतं. दाबल्यावर कुणालाही काहीतरी दुखेल. रुग्णानं आपलं रोजचं दुखणं तिथे ओळखलं पाहिजे.

चकतीबद्दल मी त्यांना एवढंच सांगितलं. खालच्या जबड्याचं गोलसर टोक आणि कवटीचा खळगा यांच्यामध्ये कूर्चेसारख्या चिवट तंतूंची एक छोटी चकती असते, मधे पातळ आणि कडांना जाड. तोंड उघडताना टोक पुढे सरकतं आणि चकती त्याच्याबरोबर जाते. तुमची चकती मिटल्या तोंडी थोडी पुढे राहते. उघडताना टोक तिच्या मागच्या जाड कडेवरून उडी मारून मधल्या पातळ भागाखाली येतं, त्याचा हा आवाज. चकतीच्या मधल्या भागात नसाही नाहीत आणि रक्तवाहिन्याही नाहीत, म्हणजे तो दुखूच शकत नाही. मागच्या मऊ भागात दोन्ही आहेत, तो सुजला तर दुखतो, पण पुष्कळांच्या बाबतीत तो हळूहळू घट्ट होऊन भार सोसायला शिकतो. काहीही तक्रार नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले, तर सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या माणसांची चकती सरकलेली दिसते. बहुतेकांचा आवाज वर्षानुवर्षं तसाच राहतो, जबडा अडकण्यापर्यंत थोड्यांचंच जातं.

"मग हा स्नायू कशानं दुखतो?"

मी बालपण उकरत बसत नाही. माझा कल वर्तनाकडे आहे: माणूस दिवसभर शरीराचं काय करतो ते पाहावं. ताई ठामपणे म्हणत होत्या, "मी दात नाही खात हो. रात्री नवऱ्यालाही विचारलं." मी म्हटलं, पिशवीत सुईदोरा असेलच, ओवून दाखवा. त्यांनी दोरा दातानं तोडला, डोळे बारीक केले आणि सुई ओवली. मी लगेच त्यांचाच डावा हात गालावर ठेवायला सांगितला.

"अगं बाई! हा गोळा कसला?"

स्नायू टणक उभा राहिला होता. सुई ओवली गेली तरी खाली आला नाही. "मशीनवर बसलं की असंच होत असणार," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प बसता येणं ही माझ्या कामातली खरी कमाई आहे असं मला वाटतं. मग त्यांनीच आणखी एक सांगितलं: अडकलं तर नाही ना हे बघायला रोज सकाळी आरशासमोर चार-पाच वेळा तोंड पूर्ण उघडून 'टक्' वाजवून पाहायच्या. दुखऱ्या स्नायूला ही रोजची ताणाताण.

पहिला उपाय त्यामुळे हाच ठरला. आवाज वाजवून पाहणं बंद. दोरा कात्रीनं तोडायचा. खाणं-गिळणं सोडून इतर वेळी ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला. मशीनच्या चाकाजवळ लाल कापडाचा तुकडा चिकटवला. तो दिसला की दात सुटे आहेत का पाहायचं. भाकरी आमटीत कुस्करून, चिक्की, ऊस काही दिवस नाही, जांभईला हनुवटीखाली मूठ. ओल्या गरम कापडाचा शेक दिवसातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटं. जीभ टाळूला टेकलेली राहील इतपतच तोंड आरशात सरळ रेषेत उघडायचं, एका वेळी सहादा. डॉक्टरांनी आम्लपित्ताचा त्रास विचारून सूज कमी करणारी गोळी थोड्याच दिवसांसाठी दिली.

काही आठवड्यांनी दिवसाचं दुखणं उतरलं, सकाळचा जडपणा मात्र राहिला. तेव्हा दुसरी पायरी: रात्री घालायची कडक अ‍ॅक्रिलिकची पट्टी, वरचे सगळे दात झाकणारी. फक्त पुढच्या दातांवर बसणारी पट्टी सतत वापरली तर मागचे दात वर येऊन चावा बिघडू शकतो, म्हणून ती नको. पट्टी चकती जागेवर आणत नाही, स्नायूचा आणि सांध्याचा भार कमी करते. यानं भागलं नसतं तर फिजिओथेरपी. सांध्यात दोन सुया घालून धुऊन काढणं हे तोंड खरोखर अडकलं आणि या उपायांनी सुटलं नाही तर. चावा जुळवण्यासाठी दात घासून कमी करून घ्या असं कुणी सुचवलं, तर आधी दुसरं मत घ्या. घासलेला दात परत येत नाही.

पुढच्या भेटीत मोजपट्टीवर न दुखता 41 मिलिमीटर आले. आवाज होताच. "वाजू दे," ताई म्हणाल्या, "चौदा ब्लाउज दिले या महिन्यात."

तोंड अचानक अडकलं आणि नेहमीचा आवाज बंद झाला, तर महिनोन्‌महिने वाट पाहू नका. लवकर आलात तर सुटणं सोपं जातं. आणि सुपारी किंवा गुटखा खाणाऱ्याचं तोंड न वाजता हळूहळू कमी उघडायला लागलं, तिखट झोंबू लागलं, तर तो बहुधा सांध्याचा प्रश्नच नाही. गालाची आतली कातडी घट्ट होत असते, आणि त्यात पुढे कर्करोगाचा धोका असतो. अशा माणसानं व्यायाम करत बसू नये, तोंड आतून तपासून घ्यावं.