कार्डावरची खोली आधी वाचा

मालवणला प्रशिक्षकाने हात धरून करवलेली स्कूबा डुबकी म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, म्हणून सुरुवात पाडी या स्कूबा प्रशिक्षण संस्थेच्या ओपन वॉटर या पहिल्या अभ्यासक्रमापासूनच करा. त्यात समुद्रातल्या चार डुबक्या असतात आणि पुढे 18 मीटरपर्यंत जाता येते. अॅडव्हान्स्ड या पुढच्या अभ्यासक्रमानंतर 30 मीटरपर्यंत.

नवखे चुकतात ते इथेच. समजा, ओपन वॉटरच्या प्रमाणपत्र-कार्डावर तुम्ही 26 मीटरवरच्या बुडालेल्या जहाजापर्यंत गेलात आणि वर आल्यावर दाबबदलाच्या आजाराने सांधे दुखू लागले, तर अनेक विमा कंपन्या प्रमाणपत्रापलीकडची खोली म्हणून दावा नाकारतात. डुबकी केंद्राच्या आरोग्यपत्रकात दमाही लपवू नका. डॉक्टरांची सही आणली की केंद्र पुढचा विचार करते.

प्रत्येक डुबकी लॉगबुकात लिहा, कारण डाइव्हमास्टर, म्हणजे डुबक्यांचा मार्गदर्शक, व्हायला 60 आणि प्रशिक्षकाच्या परीक्षेला 100 नोंदी लागतात.