कबुली तुकड्यातुकड्याने येते तेव्हा

“पत्नीने क्रेडिट कार्डाची थकबाकी माझ्यापासून लपवली होती. विचारल्यावर तिने कबूल केले, पण त्यानंतर दोनदा आणखी कर्ज निघाले. आता ती ‘एवढेच आहे’ म्हणते, तेव्हा खरे वाटत नाही. मी काय करावे?”

माझ्याकडे आलेल्या एका जोडप्यात लपवणारा नवरा होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). कार्डावर तो दरमहा फक्त किमान रक्कम भरत असे; तिचा बराचसा भाग व्याजातच जात असल्याने मुद्दल जवळपास हलत नव्हते. ते झाकण्यासाठी दुसरे कार्ड आले आणि मग वैयक्तिक कर्ज. पकडला गेल्यावर त्याने पत्नीला सापडलेले तेवढेच मान्य केले आणि बाकीचे पुढच्या दोन महिन्यांत एकेक करून बाहेर पडले. पत्नी म्हणाली, “कर्ज फेडता येईल हो, पण मी माफ करत होते तेव्हाही हा काहीतरी झाकतच होता.” थोडेथोडे सांगितले तर धक्का सौम्य बसेल, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते. लपवणाऱ्या बहुतेकांना तसेच वाटते.

मी आधी त्याला एकट्याला भेटले आणि पत्नीपासून काहीही गुपित ठेवणार नाही, हे तेव्हाच स्पष्ट केले. दहा दिवसांत त्याने यादी करायची होती : कोणाचे देणे, किती बाकी, व्याजदर काय, हप्त्याची तारीख कोणती आणि जामीन कोण. स्मरणावर न विसंबता बारा महिन्यांची सर्व खात्यांची विवरणे आणि क्रेडिट अहवाल सोबत हवा होता. ओळखीच्या माणसाकडून घेतलेले उसने पैसे अशा अहवालात दिसत नाहीत. ते खात्यातून दरमहा एकाच व्यक्तीला जाणाऱ्या सारख्या रकमेवरून सापडले. “ते कर्ज थोडेच आहे?” असे तो म्हणाला होता.

संयुक्त बैठकीत यादी त्यानेच वाचली. त्या दिवशी ‘काय’ आणि ‘किती’ एवढेच विचारायचे, ‘का’ नंतर, असे मी ठरवून दिले होते. पुढे प्रश्नांसाठी आठवड्यातला ठरावीक अर्धा तास ठेवला, कारण तोवर त्यांच्या घरात रोज रात्री उलटतपासणी चाले. नवे कर्ज बंद झाले आणि सर्वाधिक व्याजाचे देणे आधी फेडायचे ठरले. सगळी कार्डे स्वतःकडे घेण्याचा पत्नीचा विचार मात्र मी मोडून काढला. दोघांना सर्व खाती दिसावीत, पण हिशेब न विचारता खर्चायची छोटी रक्कम प्रत्येकाकडे असावी, असे सुचवले. पूर्वी किरकोळ खर्चावरूनही वाद होत आणि लपवण्याची सवय तिथूनच लागली होती, अर्थात त्याने फसवणूक क्षम्य ठरत नाही.

तुम्हीही अशी यादी कागदांसह हाती येईपर्यंत पत्नीची देणी फेडण्यासाठी स्वतःच्या नावावर कर्ज घेऊ नका. पैसे जुगारात जात असतील, तर आधी व्यसनाचा उपचार हवा. आणि ती तुमच्या रागाला घाबरून लपवत असेल, तर एकत्र बैठकीपूर्वी समुपदेशकाने तिच्याशी स्वतंत्रपणे बोलणे आवश्यक आहे.