उचल घेतलीस, आता स्लिपवर नजर ठेव

भोसरीच्या कंपनीतून ३०,००० उचल घेतलीस, हप्ता ५,००० चा. पहिल्या पगारानंतर बाकी २५,०००, दुसऱ्यानंतर २०,००० दिसायला हवी. स्लिपमध्ये कपातीच्या रकान्यात 'Salary Advance' शोध. कपात निव्वळ पगारातून होते, त्यामुळे पीएफ कमी होत नाही.

तिसऱ्या महिन्यात बिनपगारी रजा पडली आणि ऑफिसने २,००० च कापले, तर बाकी १८,००० राहते. उरलेले ३,००० माफ झाले असं समजू नकोस, वसुली एक महिना लांबते. खरी गडबड वेगळीच: हप्ता कापलेला, पण बाकी जुनीच. अशा वेळी मागची स्लिप घेऊन लगेच पेरोलवाल्यांना मेल कर, तोंडी सांगून सोडू नकोस. मध्येच नोकरी सोडलीस तर राहिलेली रक्कम शेवटच्या हिशोबातून एकदम वळती करतात, ती चुकीच्या बाकीवरून जाऊ देऊ नकोस.