किशोरवयीन मुलाला राग आवरायला कसे शिकवावे?

प्रश्न: माझा १५ वर्षांचा मुलगा रागाच्या भरात धाकट्या बहिणीवर हात उगारतो आणि नंतर रडतो. काय करावे?

राग येणे हा दोष नाही. त्या रागात हात उगारायचा की नाही, ही निवड मात्र त्याची असते, आणि ती राग टिपेला पोहोचण्याआधीच करावी लागते. म्हणून तो शांत असताना त्याच्याकडूनच रागाची पहिली खूण शोधून घ्या. लातूरला माझ्या भाच्याचे कान तापत. 'कान तापले की मी बोलणे थांबवून अंगणात जाईन' असे एकच वाक्य त्याने ठरवले आणि भांडण नसतानाही त्याचा रोज सराव केला. अंगणात श्वास सावकाश सोडत पंधरा-वीस मिनिटे थांबायचे, पण भांडण मनात घोळवायचे नाही, कारण त्याने राग पुन्हा पेटतो. उशीवर ठोसे मारल्यानेही राग निवत नाही. परत आल्यावर मात्र बोललेच पाहिजे: 'माझी वही न विचारता घेतलीस, याचा मला राग आला.' हे बोलणे टाळले, तर राग आवरलेला नसून नुसता गिळलेला असतो, आणि तो दोन दिवसांनी क्षुल्लक कारणावरून बाहेर पडतो (पालक इथेच फसतात). तरीही हात उठलाच, तर बहिणीची माफी त्याने स्वतः मागावी; त्याच्या वतीने तुम्ही मागू नका.