बदलत्या अॅरेवर बेरजेचे प्रश्न: फेनविक ट्री की सेगमेंट ट्री?

प्रश्न: "n आणि q दोन्ही २ लाखांपर्यंत आहेत. एका जागेची किंमत बदलून u करायची, किंवा l ते r ची बेरीज सांगायची. फेनविक ट्री लिहू की सेगमेंट ट्री? माझे फेनविकचे उत्तर नमुन्याच्या टेस्टवर बरोबर येते, पण सबमिट केल्यावर चुकते."

या प्रश्नासाठी मी फेनविक ट्री, म्हणजेच बायनरी इंडेक्स्ड ट्री, वापरतो. वेगाच्या किंवा मेमरीच्या दृष्टीने दोन्ही चालतील, कारण प्रत्येक क्रियेला दोन्हींत साधारण log n च्या पटीतच पायऱ्या लागतात. फेनविकमध्ये २ लाखांच्या अॅरेवर त्या एका फेरीत १८ च्या पुढे जात नाहीत. निवड ठरते ती लिहायच्या ओळींवर:

```cpp
void add(int i, long long d) {
    for (; i <= n; i += i & -i) t[i] += d;
}
long long sum(int i) {
    long long s = 0;
    for (; i > 0; i -= i & -i) s += t[i];
    return s;
}
```

येथे `i & -i` म्हणजे `i` मधला सर्वांत खालचा चालू बिट. `t[i]` मध्ये `i` पाशी संपणाऱ्या तेवढ्याच घटकांची बेरीज साठवलेली असते, म्हणून `t[6]` मध्ये पाचवा आणि सहावा घटक येतो, तर `t[4]` मध्ये पहिले चारही येतात.

तुमची चूक मात्र बहुधा या दोन फंक्शनांत नसून ती जेथून बोलावता तेथे आहे. फेनविक ट्रीला 'ही किंमत u कर' हे कळत नाही, त्याला फक्त 'इतके वाढव' एवढेच कळते. त्यामुळे नवी किंमत वजा जुनी किंमत हा फरक आपणच काढून द्यावा लागतो, आणि त्यासाठी मूळ अॅरे जवळ ठेवून तोही प्रत्येक वेळी बदलावा लागतो:

```cpp
add(k, u - a[k]);
a[k] = u;
```

दुसरी ओळ विसरली तर काय होते ते पाहा. समजा अॅरे ४, १, ७, २, ५, ३, ६, २ असा आहे. ३ ते ६ ची बेरीज `sum(6) - sum(2)`, म्हणजे (८ + १४) − ५ = १७ येते. आता तिसरी जागा १० केली की फरक ३ होतो, तो `t[3]`, `t[4]` आणि `t[8]` मध्ये मिळवला जातो, आणि बेरीज २० येते. इथवर सगळे ठीक आहे. नंतर तीच जागा १ करायची झाली, तर खरा फरक १ − १० = −९ हवा, पण `a[3]` अजून ७ च असल्यामुळे −६ जातो आणि ११ ऐवजी १४ छापले जाते. म्हणजे ही चूक एकाच जागेवर दुसऱ्यांदा बदल होईपर्यंत दिसतच नाही, आणि नमुन्याच्या छोट्या टेस्टमध्ये तसा बदल बहुधा नसतो. एका स्पर्धेत मी स्वतः याच ओळीपायी अर्धा तास घालवला, आणि तोही बिटांच्या गणितात चूक शोधण्यात.

तपासायचे असेल तर n = ५ ठेवून यादृच्छिक बदल आणि प्रश्न तयार करा व उत्तरे साध्या लूपने काढलेल्या बेरजेशी ताडून पाहा. जागा पाचच असल्यामुळे तीच जागा पुन्हा पुन्हा बदलते आणि चूक लगेच उघडी पडते. तरीही सर्व जुळले, तर किंमती १०⁹ पर्यंत आहेत का ते बघा. तसे असल्यास बेरीज २ × १०¹⁴ पर्यंत जाते आणि `int` मध्ये मावत नाही, शिवाय छोट्या टेस्टमध्ये हेही दिसत नाही. जागा ० पासून मोजत असाल, तर `0 & -0` शून्यच असल्याने `add(0, d)` कधीच संपत नाही, पण तेव्हा चुकीचे उत्तर न येता वेळ संपल्याचा निकाल येतो, म्हणून तुमच्या बाबतीत ते कारण मला संभवत नाही.

सेगमेंट ट्रीमध्ये फरकाची ही भानगड नसते: पानावर नवी किंमत लिहायची आणि वर जाताना प्रत्येक नोडवर दोन मुलांची बेरीज पुन्हा करायची. तरी केवळ तेवढ्यासाठी मी ते निवडणार नाही. बेरजेऐवजी l ते r मधली सर्वांत मोठी किंमत विचारली असेल, तर मात्र निवडेन, कारण पहिल्या सहांच्या कमालातून पहिल्या दोनांचा कमाल 'वजा' करता येत नाही आणि वरची `sum(r) - sum(l-1)` ही युक्तीच कोसळते. पूर्ण पट्ट्याला एकच किंमत देण्याचा बदल असेल, तर लेझी प्रोपगेशनसह सेगमेंट ट्री घ्यावे. पट्ट्यातल्या प्रत्येकात x मिळवायचा एवढाच बदल असेल, तर दोन फेनविक ट्री अजूनही पुरतात.