टॅलीचा आकडा आणि डॅशबोर्डचा आकडा जुळवताना मी काय काय बघतो

प्रश्न: जुना एक्सेलचा सेल्स डॅशबोर्ड पॉवर बीआयमध्ये नव्याने बनवलाय. सोमवारी शेठजींना दाखवायचाय. वरचा एकूण आकडा टॅलीशी जवळपास जुळतोय, अजून काय चेक करू?

उत्तर:

"जवळपास" या शब्दाचीच मला भीती वाटते भाऊ, कारण याच शब्दाने माझा एक अख्खा शनिवार खाल्लाय. मी जळगावला एका दालमिलचं असंच काम केलं होतं, तूरडाळ, हरभराडाळ, मूगडाळ, पार्ट्या भुसावळ, अमळनेर, चोपडा, शिरपूर पासून थेट बऱ्हाणपूरपर्यंत. तिथे काय झालं तेच सांगतो, त्यातच चेकलिस्ट येईल.

आधी एक गोष्ट ठरवून घ्या की सोर्स कोण. जुना एक्सेल हा सोर्स नाही, टॅली सोर्स आहे. आमच्या जुन्या शीटमध्ये खाली टोटलला `SUM(F2:F5000)` होतं आणि डेटा कधीचाच पाच हजार ओळींच्या पुढे गेलेला, म्हणजे शेठजी वर्षभर कमी आकडा बघत होते आणि कोणाच्या लक्षात नाही. त्या शीटशी जुळवायला बसलो असतो तर बरोबर आकडा बिघडवून ठेवला असता. आणि टॅलीतून एक्सपोर्ट ज्या वेळेला काढाल त्याच वेळेला डॅशबोर्ड रिफ्रेश करा आणि ती एक्सपोर्ट फाइल बाजूला जपून ठेवा, कारण मुनीमजी मागच्या तारखेची एंट्री कधीही टाकतात, सकाळचा आकडा संध्याकाळी राहत नाही, आणि मग आपण नसलेली चूक शोधत बसतो.

आता केस. नोव्हेंबर महिना, टॅलीच्या नफा-तोटा पत्रकात Sales Accounts समोर 2,84,50,000. डॅशबोर्डवर 2,93,10,000. फरक 8,60,000 जास्त. माझ्यासोबतचा पोरगा म्हणे ऑक्टोबर तर जुळतोय ना, फक्त 4,000 चा फरक आहे, तो राउंड ऑफ असेल, म्हणजे गडबड नोव्हेंबरच्या डेटातच आहे.

इथे थोडं थांबा. राउंड ऑफला मर्यादा असते आणि ती काढता येते. एका बिलात जास्तीत जास्त 50 पैसे इकडे तिकडे होणार. महिन्याला तीनशेच्या आसपास बिलं, म्हणजे सगळी एकाच बाजूला गेली तरी दीडशे रुपये. 4,000 हा राउंड ऑफ असूच शकत नाही. पण तेव्हा भरीत पार्टीला निघायची घाई होती (नोव्हेंबरात आमच्याकडे शेतात वांग्याचं भरीत म्हटलं की माणूस ऑफिसात थांबत नाही) म्हणून मी पण हो म्हटलं आणि ऑक्टोबर सोडून दिला. चूक माझीच.

परत आल्यावर पैशांच्या मागे न लागता आधी मोजणी केली. डॅशबोर्डमध्ये दोन साधे मेजर टाकले:

```
Rows = COUNTROWS(Sales)
Bills = DISTINCTCOUNT(Sales[BillNo])
```

टॅलीत नोव्हेंबरची सेल्सची 312 बिलं, आयटमच्या ओळी 540. डॅशबोर्डमध्ये बिलं 311 आणि ओळी 541. बघा गंमत, ओळी एक जास्त आणि बिलं एक कमी. नुसत्या ओळी मोजल्या असत्या तर "एक ओळ डबल झाली असेल" म्हणून सोडून दिलं असतं. पण बिल कमी आणि ओळ जास्त याचा अर्थ एकाच वेळी काहीतरी डबल पण होतंय आणि काहीतरी गळतंय पण. दोन आजार एकाच पेशंटला.

मग बिलवार यादी काढली, एका बाजूला टॅलीचं बिल नंबर आणि रक्कम, दुसऱ्या बाजूला डॅशबोर्डचं, आणि लुकअप दोन्ही बाजूंनी लावला. एकाच बाजूने लावला तर जे बिल तुमच्याकडे आलंच नाही ते कधीच दिसत नाही, हे बरेच जण विसरतात. नंबरवर भरोसा ठेवू नका, दर एप्रिलला बिल नंबर परत 1 पासून सुरू होत असेल तर नंबराला आर्थिक वर्ष जोडून त्याचीच जुळवायची 'की' बनवा.

त्या यादीतून चार गोष्टी निघाल्या.

5,40,000 चं एक बिल, तीन ओळींचं, डॅशबोर्डमध्ये दुप्पट. पार्टीने पैसे दोन हप्त्यांत दिले होते, पावत्या दोन, आणि मी पॉवर क्वेरीत सेल्सला पावत्यांचं टेबल मर्ज करून एक्सपांड केलं होतं, म्हणून बिलाची प्रत्येक ओळ दोनदा आली. ज्या टेबलात एका बिलासमोर एकापेक्षा जास्त ओळी येऊ शकतात ते टेबल सेल्सला चिकटवायचंच नाही. पावत्यांची आधी बिलवार बेरीज करा आणि मग जोडा, नाहीतर वेगळंच टेबल ठेवा. तपासायचं कसं, तर मर्जच्या आधी आणि मर्जच्या नंतर ओळी मोजा, वाढल्या की समजा पाय घसरला.

दुसरं, 60,000 चं बिल गायब. नवीन पार्टी, गावांच्या मास्टरमध्ये नाव नव्हतं आणि मी मर्ज करताना इनर निवडलं होतं, म्हणून जुळलं नाही ते गपचूप गळून गेलं. आणि पॉवर क्वेरी कॅपिटल-स्मॉल पण बघते आणि शेवटची स्पेस पण बघते, तिच्यासाठी `Amalner` आणि `AMALNER ` ही दोन गावं आहेत. लेफ्ट आउटर ठेवा आणि न जुळलेल्यांना "अनमॅप्ड" असं नाव देऊन डॅशबोर्डवरच दिसू द्या. खराब दिसतं, दिसू द्या.

तिसरं, 1,20,000 जीएसटी. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकिंगवर 5 टक्के लागू झाला होता, 30 किलोच्या कट्ट्यावर नव्हता. आमची छोटी पाकिटं त्या महिन्यात 24 लाखांची होती आणि मी ओळीची रक्कम टॅक्ससकट उचलली होती. इथे फसवणूक अशी की फरक पूर्ण विक्रीच्या 5 टक्के दिसत नाही, जेमतेम अर्धा टक्का दिसतो, त्यामुळे टॅक्स डोक्यातच येत नाही. आयटमवार तुलना केली की लगेच दिसतं, कट्टे पैशाला पैसा जुळतात आणि पाकिटांवर बरोबर 5 टक्के जास्त. फरक जेव्हा ठरावीक टक्क्यात येतो तेव्हा तो फॉर्म्युल्यातला असतो, डेटातला नसतो.

चौथं, क्रेडिट नोट. परत आलेला माल 2,60,000 चा, टॅली तो विक्रीतून वजा करते, मी फक्त सेल्स व्हाउचर घेतले होते.

आता बेरीज करा, 5,40,000 अधिक 1,20,000 अधिक 2,60,000 वजा 60,000, बरोबर 8,60,000. पूर्ण फरक असा रुपयापर्यंत समजावता आला तरच काम झालं म्हणायचं. तीन कारणं सापडली आणि उरलेलं "काहीतरी असेल" असं नाही चालत.

आणि मग जो ऑक्टोबर "जुळत" होता तो उघडला. टॅक्सचे 1,05,000 जास्त, क्रेडिट नोटचे 85,000 जास्त, आणि मास्टरमध्ये नसलेल्या पार्ट्यांची 1,86,000 ची बिलं गायब. जास्तीचे 1,90,000, कमीचे 1,86,000, उरले 4,000. दोन हप्त्यांत पैसे आलेलं बिल त्या महिन्यात एकही नव्हतं म्हणून ते तरी वाचलं. म्हणजे त्या महिन्यात साधारण पावणेचार लाखांच्या चुका होत्या आणि वर चार हजार दिसत होते. तुमचं "जवळपास" ऐकून मला म्हणून भीती वाटली.

तेव्हापासून माझ्या वहीत हे लिहिलेलं आहे, याच क्रमाने करतो:

- एक्सपोर्ट आणि रिफ्रेश एकाच वेळी, फाइल जपून
- ओळी आणि बिलं दोन्ही मोज, प्रत्येक मर्जच्या आधी आणि नंतर
- महिनावार टोटल, मग आयटमवार, मग गाववार. तिन्हींची बेरीज आपसात पण जुळली पाहिजे, नाही जुळली तर कुठेतरी ब्लँक आहे
- क्विंटल वेगळे जुळव. रुपये जुळले आणि क्विंटल नाही, तर कट्टे आणि क्विंटल मिसळलेत
- फरकाचा सर्वात मोठा महिना आणि सर्वात लहान (पण शून्य नसलेला) महिना, दोन्ही बिलवार उघड
- 31 मार्च आणि 1 एप्रिलची बिलं नजरेने बघ
- दोन-तीन फिल्टर एकत्र लावून, म्हणजे एक गाव, एक डाळ, एक महिना, टॅलीत तेच काढून बघ

तारखेचं एक सांगून टाकतो. दिवस-महिना उलटा वाचला गेला तर 12 तारखेपर्यंतची बिलं दुसऱ्याच महिन्यात जातात आणि 13 पासूनची एकतर एरर देतात नाहीतर ब्लँक होतात. फिल्टर न लावता एकूण टोटल ठीक आणि महिने वेडेवाकडे, किंवा अजून न आलेल्या महिन्यात विक्री दिसली, की हेच असतं.

शेवटी सरासरीचे कार्ड. टोटल जुळली म्हणून ते बरोबर असेल असं नाही. 100 क्विंटल 9,000 भावाने गेली आणि 2 क्विंटल 11,000 ने, तर साधी सरासरी 10,000 दाखवेल, पण खरा भाव 9,22,000 भागिले 102 म्हणजे 9,039 रुपये. शेठजींना भाव तोंडपाठ असतो, ते पहिले तिथेच बोट ठेवतात.

```
Rate = DIVIDE(SUM(Sales[Amount]), SUM(Sales[Qty]))
```

पार्ट्यांच्या संख्येचं उलटं आहे, बारा महिन्यांच्या पार्ट्यांची बेरीज वर्षाच्या पार्ट्यांइतकी येणारच नाही कारण तीच पार्टी दर महिन्याला घेते, तो फरक चूक नाही, तिथे उगाच वेळ घालवू नका.

सोमवारी जाताना डॅशबोर्डसोबत एक कागद न्या, जुन्या शीटचा आकडा, त्यातून काय वाढलं काय कमी झालं, आणि नवा आकडा. आमचे शेठजी पहिलं वाक्य "मागच्या वेळी तर वेगळा होता" हेच बोलले, आणि कागद हातात होता म्हणून पाच मिनिटांत विषय संपला. तुमच्याकडे पावत्या किंवा ट्रकचं भाडं सेल्सलाच जोडलेलं असेल तर आज रात्री आधी तेच उघडून ओळी मोजा.