झेंडा लावलेला मेल आणि राहून गेलेलं काम

"महत्त्वाच्या मेलला मी लगेच झेंडा लावते, तरी कामं राहून जातात. परवा तर साहेबांसमोर खाली बघायची वेळ आली. माझी स्मरणशक्ती कमी होत चाललीय का?"

हे विचारणाऱ्या बाई एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात आहेत, वय ४३. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. राहून गेलेलं काम असं होतं: एका ग्राहकाचा २ जूनला मेल आला, की तुमचं एप्रिलचं बिल आमच्या जीएसटीआर-२बीमध्ये दिसत नाही. ग्राहकाला खरेदीवरच्या कराची वजावट या सरकारी पत्रकावरून मिळते. त्यात बिल नाही, म्हणजे ते इकडून रिटर्नमध्ये घालायचं राहिलं होतं. ११ जूनच्या आत भरायच्या मे महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, ते घालायचं, एवढंच काम. बाईंनी मेल वाचला, झेंडा लावला आणि पुढच्या कामाला लागल्या. रिटर्न गेलं, बिल राहिलं. पुढची संधी थेट ११ जुलैच्या रिटर्नला, आणि तोवर ग्राहकाने बिलातली कराची रक्कम अडकवून ठेवली.

स्मृतीची शंका आधी तपासून घेतली. मेलमध्ये काय होतं असं विचारलं तेव्हा ग्राहक, बिलाची रक्कम, मेल पाठवणाऱ्याचं नाव, सगळं त्यांनी न बघता सांगितलं. म्हणजे मजकूर डोक्यात शाबूत होता. फसलं ते वेगळंच: 'अमुक दिवशी हे करायचं आहे' हे त्या दिवशी आपोआप आठवणं. मानसशास्त्रात याला भविष्यलक्षी स्मृती म्हणतात. कामाला समोरून खूण मिळाली, म्हणजे औषधाची बाटली ताटाशेजारी दिसली, तर ती बरी चालते. नुसत्या तारखेवर अवलंबून असलेलं काम, तेही दिवसभर फोन वाजत असताना, कोणाचंही निसटतं. (रोजच्या रस्त्यावर गोंधळ होत असेल, किंवा झालेलं बोलणंच मुळात आठवत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. इथे तसं काही नव्हतं.)

झेंडा फक्त 'हे महत्त्वाचं' एवढंच सांगतो. काय करायचं आणि कधी, हे तो सांगत नाही. बाईंच्या मेलबॉक्समध्ये असे १८७ झेंडे होते. त्यांतले बरेचसे कामं होऊन गेल्यावरही तसेच राहिलेले, त्यामुळे डोळ्यांना त्या लाल रंगाचं काही वाटेनासं झालं होतं.

त्यांच्या ऑफिसात आउटलुक आहे, म्हणून त्याच कंपनीचं Microsoft To Do हे कामांच्या याद्यांचं ॲप घेतलं. त्याच्या सेटिंग्जमध्ये Flagged email चालू केलं, की झेंडा लावलेला मेल तिथे काम म्हणून येतो आणि त्या कामातून मूळ मेल उघडता येतो. मात्र दोन्हीकडे लॉगिन एकाच खात्याचं लागतं. आउटलुकमध्ये जोडलेल्या जीमेल खात्याचे झेंडे तिकडे येत नाहीत.

बहुतेक लोक इथे थांबतात आणि आठवड्याभरात 'काही उपयोग नाही' म्हणतात. खरं आहे ते. तारीख नसलेलं काम Planned या यादीत येतच नाही. ते Flagged email मध्ये पडून राहतं, म्हणजे तोच ढीग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवल्यासारखं. म्हणून बाईंशी ठरलं, की झेंडा लावला की त्याच बैठकीला, फार तर दुपारी जेवणाआधी, त्या कामाला दोन गोष्टी द्यायच्या. सरावाला तेच निसटलेलं काम घेतलं, मेल आजच आलाय असं धरून.

पहिली, नाव. काम मेलचाच विषय घेऊन येतं: 'RE: FW: Invoice'. यादीत हे वाचून कोणाचाही हात हलत नाही. कामाचं नाव बदललं तरी मेलचा विषय तसाच राहतो, त्यामुळे बिनधास्त बदलावं. बाईंनी लिहिलं: 'एप्रिलचं राहिलेलं बिल मेच्या जीएसटीआर-१ मध्ये घालणे'. नाव क्रियापदावर संपत नसेल, तर काय करायचं ते अजून ठरलेलं नाही असं समजावं.

दुसरी, तारीख. यावर बराच वेळ बोललो. त्या पटकन ११ जून म्हणाल्या. पण ११ ही सरकारची शेवटची तारीख आहे, काम करायची नव्हे. त्या दिवशी पोर्टल हळू चालतं, साहेबांची सही लागते, आणि बिलावर ग्राहकाचा जीएसटी नंबर चुकलेला निघाला तर सुधारायला वेळच उरत नाही. म्हणून सरावात Due date घातली ८ जून, आणि ११ तारीख कामाच्या नावात शेवटी लिहिली. Due date ला वेळ नसते, ती काम फक्त त्या दिवसाच्या यादीत आणते. ठरावीक वेळी फोन वाजायला हवा असेल, तर Reminder वेगळा लावावा लागतो. तो दिवसाला दोन-तीन कामांनाच लावा असं सुचवलं. सगळ्यांनाच लावला, तर चार दिवसांत माणूस न वाचता बंद करू लागतो.

सकाळी मेल उघडण्याआधी Planned उघडायची. आधी थकलेली, म्हणजे तारीख उलटून गेलेली, मग आजची कामं बघायची. थकलेल्या कामाची तारीख दोनदा पुढे ढकलली गेली असेल, तर तिसऱ्यांदा ढकलण्याआधी ते काम खरंच आपलं आहे का, किंवा त्यात एखादी माहिती अडली आहे का, हे तपासायचं.

अडचणी आल्याच. एका मेलमध्ये दोन कामं होती: थकबाकीचा तक्ता ५ तारखेला, टीडीएसचं प्रमाणपत्र २० ला. झेंडा एकच, म्हणून काम एकच झालं. कामाच्या आत पायऱ्या घालता येतात, पण पायरीला स्वतंत्र तारीख देता येत नाही. म्हणून दुसरं काम हाताने वेगळं घातलं. दुसरी चूक जास्त नेहमीची. उत्तर पाठवलं की काम झालं असं समजून त्यांनी टिक केली, आणि समोरच्याने आठवडाभर काहीच कळवलं नाही. आता टिक करण्याऐवजी त्या नाव बदलतात, 'वाट: बँकेकडून पत्र', आणि चार दिवसांनंतरची तारीख घालतात. तसंच To Do मधून काम डिलीट केलं, तर मेलचा झेंडाही निघतो. नुसती यादी साफ करायला म्हणून डिलीट करू नये. काम झालं असेल तर टिकच करावी.

जुने १८७ झेंडे चाळीस-चाळीस मिनिटांच्या दोन बैठकांत बघितले, नवीन मेलपासून मागे जात. झालेले आणि मुदत उलटून गेलेले झेंडे काढले. नाव-तारीख देण्याजोगी कामं ३१ निघाली.

ज्यांच्याकडे जीमेल आहे त्यांनी ताऱ्यावर विसंबू नये, ताऱ्याचं काम होत नाही. मेल उघडून तीन टिंबांत Add to tasks निवडावं. मेलचा दुवा असलेलं काम Tasks मध्ये तयार होतं. तारीख तिथेही आपणच घालायची. ती घातली, की ते काम कॅलेंडरमध्येही दिसतं.

रात्री झोपताना 'काहीतरी राहिलंय' असं वाटायचं, हे बाईंनी दुसऱ्या भेटीत सांगितलं. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या प्रयोगांत दिसलं होतं, की अपुरं काम डोक्यात मधेमधे डोकावतं ते ते पूर्ण केल्यावरच थांबतं असं नाही. ते कधी आणि कसं करायचं याची नेमकी आखणी केली, तरीही थांबतं. बाईंचं अजून पूर्ण थांबलेलं नाही. पण आता तसं वाटलं की त्या फोनवर उद्याची यादी बघतात. यादीत नसलेलं एखादं काम आठवलंच, तर तिथल्या तिथे तारखेसकट लिहून ठेवतात आणि झोपतात.